गोठ्याचं गणित (लेखांक ७) : चाऱ्याचं वेळापत्रक उन्हाळ्यापासून मांडा

गेल्या आठवड्यात एका संकरित गाईला दिवसाला साधारण २५ किलो हिरवा चारा आणि ५-६ किलो कडबा लागतो, हे आपण पाहिलं. आता चार दुभत्या गाई धरू. रोज १०० किलो हिरवा चारा लागेल, म्हणजे वर्षाला ३६ टनांच्या वर. बागायती जमिनीत एवढा चारा पिकवणं अवघड नाही. अवघड असतं ते सगळ्या महिन्यांत तो सारखा मिळवणं. श्रावणात बांधावरही गवत मावत नाही आणि एप्रिलमध्ये विहीर तळ गाठते. म्हणून वेळापत्रक पेरणीच्या महिन्यापासून न मांडता टंचाईच्या महिन्यापासून मागे मोजत यावं.

पाया संकरित नेपियरचा. फुले जयवंतसारख्या वाणाचं वर्षाला एकरी ६० टन उत्पन्न धरलं, तर सात कापण्यांत प्रत्येक कापणीला गुंठ्यामागे सुमारे २१५ किलो चारा येतो. वीस गुंठ्यांचे दोन-दोन गुंठ्यांचे दहा पट्टे पाडा. एक पट्टा पाच दिवस पुरवायचा, म्हणजे पन्नास दिवसांनी पुन्हा पहिल्या पट्ट्यावर यायचं. असा रोज ८० किलोंच्या वर चारा निघतो. उरलेले २० किलो दहा गुंठे लसूणघासातून घ्या. ती ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरली की पहिली कापणी पन्नास-पंचावन्न दिवसांनी येते आणि पुढच्या महिन्या-महिन्याने मिळतात. नुसती ओली लसूणघास पोटभर खाल्ली तर पोटफुगी होते, म्हणून ती कडब्याच्या कुट्टीत मिसळूनच घालावी.

हे चक्र वर्षातून दोनदा अडखळतं. पहिली वेळ थंडीची. डिसेंबर-जानेवारीत नेपियरची वाढ मंदावते आणि पन्नास दिवसांचा पट्टा गुडघाभरच दिसतो. गरज म्हणून तो कोवळाच कापला, तर पुढचा पट्टाही कोवळाच कापावा लागतो आणि सगळं चक्र मागे पडत जातं. त्यावर उपाय ओटचा. सहा गुंठे ओट ऑक्टोबरच्या मध्यात, दहा-बारा दिवसांच्या अंतराने दोन टप्प्यांत पेरा. पहिली कापणी डिसेंबरच्या सुरुवातीला येते आणि दुसरी त्यानंतर पाच-सहा आठवड्यांनी. दोन्ही मिळून तीनेक टन चारा होतो. रोज ४० किलोंची तूट दोन महिने भरून काढायला तो पुरतो.

दुसरी वेळ उन्हाळ्याची, मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत. पाणी कमी असताना नवं पीक उभं करण्यात अर्थ नाही, तेव्हा साठवलेलाच चारा हवा. नव्वद दिवस गाईमागे १५ किलो मुरघास धरला, तर ५.४ टन लागेल. त्यासाठी जूनअखेरीस १५ गुंठ्यांत आफ्रिकन टॉल मका पेरा आणि सप्टेंबरात दाणा चिकातून पिठात येताना कापा. सुमारे साडेसात टन मका निघाला आणि साठवणुकीतली घट वजा केली, तरी सहा टनांच्या आसपास हाती राहतो. मुठीत दाबलेल्या कुट्टीतून पाणी गळलं तर मका ओला आहे, तो एक-दोन दिवस सुकू द्यावा. मका निघालेल्या याच १५ गुंठ्यांपैकी सहा गुंठ्यांत ओट येतो. म्हणजे एकूण जमीन ४५ गुंठे, सव्वा एकराच्या आतच.

आता चाऱ्याला पर्याय म्हणून सुचवल्या जाणाऱ्या अझोलाकडे येऊ. अझोलाच्या कोरड्या वजनात २१ ते २५ टक्के प्रथिनं असतात, हे खरं. पण ताज्या अझोलात ९३-९४ टक्के पाणी असतं. दोन किलो अझोलात कोरडा भाग जेमतेम १२०-१४० ग्रॅम आणि प्रथिनं तीसेक ग्रॅम. वीस टक्के प्रथिनांच्या पशुखाद्यात तेवढी प्रथिनं दीडशे ग्रॅममध्ये मिळतात. म्हणून ‘दोन किलो अझोला घाला आणि एक किलो खुराक कमी करा’ हा सल्ला ऐकला, तर दूध घटेल. अझोला चाऱ्यात मोजू नका, ती पूरक आहे.

एक चौरस मीटर वाफ्यातून दिवसाला सुमारे २०० ग्रॅम अझोला निघते. चार गाईंना दीड-दीड किलो द्यायची तर ३० चौरस मीटर वाफे लागतील, म्हणजे दोन बाय दोन मीटरचे सात-आठ वाफे. त्यापेक्षा दोन वाफे करून रोजची दीड किलो कालवडींना आणि कोंबड्यांना देणं परवडतं. वाफ्यात चाळलेली माती, शेणाची रबडी आणि थोडं सुपर फॉस्फेट घालून दहा सेंटिमीटर पाणी ठेवा. पानं लालसर दिसली तर स्फुरद कमी पडलंय किंवा ऊन जास्त होतंय असं समजा. खायला देण्याआधी अझोला दोन पाण्यांतून धुवा, नाहीतर शेणाच्या वासाने जनावर तोंड फिरवतं.

तापमान ३५ अंशांवर गेलं की अझोलाची वाढ मंदावते, आणि चाऱ्याची टंचाईही नेमकी तेव्हाच असते. त्या दिवसांत वाफ्यावर शेडनेट टाकून बियाण्यापुरती अझोला जगवा. गाईंची भिस्त मुरघासावर ठेवा.

(पुढील लेखात : मुरघासाची बॅग भरताना हवा कशी काढायची आणि बुरशी का येते)