करारांचे भाषांतर, लेखांक ६ : साडेनव्याण्णवची हद्द

थाई लिखाणात शब्दांमध्ये मोकळी जागा नसते आणि वाक्याच्या शेवटी पूर्णविरामही नसतो, हे गेल्या आठवड्यात पाहिले. आता त्याच लिखाणात टेलिकॉम सेवाकराराचे आकडे बसवू.

समजा, बँकॉकमधल्या एका कार्यालयाने महिना १,००,००० बात भाड्याने लीज्ड लाइन घेतली आहे. इंग्रजी करारात ९९.९ टक्के उपलब्धतेची हमी आहे. उपलब्धता त्याखाली गेली, पण ९९.५ टक्के किंवा जास्त राहिली, तर भाड्याच्या ५ टक्के सर्व्हिस क्रेडिट मिळते. ९९.५ च्याही खाली गेली तर १० टक्के. पूर्वसूचना देऊन केलेली देखभाल बंद काळात धरायची नाही.

जूनमध्ये, म्हणजे ४३,२०० मिनिटांत, लाइन २७६ मिनिटे बंद होती. त्यातली ६० देखभालीची. उरलेली २१६ मिनिटे महिन्याच्या बरोबर अर्धा टक्का होतात, म्हणजे उपलब्धता ९९.५ टक्के आणि क्रेडिट ५,००० बात.

थाईत ‘रवांग’, म्हणजे ‘दरम्यान’, वापरून पायऱ्या मांडल्या की वाक्य सुटसुटीत होते, पण नेमका ९९.५ हा आकडा कोणत्या पायरीत पडतो ते कळत नाही. त्यासाठी ‘पासून पुढे’ या अर्थाचे ‘तांग तॅ’ आणि ‘च्या खाली’ या अर्थाचे ‘तम क्वा’ असे दोन्ही टोकांना स्पष्ट लिहावे लागते.

अपवादाचे कलम अधिक फसवे आहे. ‘देखभालीचा काळ धरू नये’ एवढेच थाईत उतरले, तर तो कशात धरायचा नाही हा प्रश्न उरतो. कोणी तो महिन्याच्या एकूण मिनिटांतूनही वजा केला, तर २१६ ला ४३,१४० ने भागावे लागते. उपलब्धता ९९.४९९३ टक्के होते आणि क्रेडिट १०,००० बातवर जाते. दोन दशांशांपर्यंत पूर्णांकन केले तर तीच पुन्हा ९९.५० होते. म्हणून ‘बंद काळातून’ हा शब्द आणि मुळातला पूर्णांकनाचा नियम, दोन्ही थाईत यायलाच हवेत. मुळात नियम नसेल तर भाषांतरकाराने तो स्वतः घालू नये, पक्षांना विचारावे.

राहिले क्रेडिट. ते पुढच्या बिलातून वजा होते. त्याला ‘बिया प्राप’, म्हणजे दंड, म्हटले तर कायद्याचा पायाच बदलतो : थाई नागरी व व्यापारी संहितेच्या कलम ३८३ नुसार न्यायालय अवाजवी दंड कमी करू शकते. ‘बिलातील वजावट’ असे साधे लिहावे आणि व्याख्येत बांधून घ्यावे.

तपासणीसाठी इंग्रजी मूळ न पाहिलेल्या माणसाला थाई मसुदा द्यावा आणि असाच हद्दीवरचा महिना मोजायला सांगावा. उत्तर ५,००० बात आले नाही, तर भाषांतर अजून पुरे झालेले नाही.