काळजात धस्स झालं, पण इंग्रजीत नको

आमच्या शेजारच्या काकू मुलीकडे लीड्सला दोनदा सहा-सहा महिने राहून आल्या. तिथल्या राउंडहे पार्कच्या तळ्याकाठी रोज सकाळी फिरताना त्यांची एका इंग्रज बाईंशी मैत्री जमली. भाषा अर्धीमुर्धी, पण बाक ठरलेलं. मागच्या हिवाळ्यात त्या मैत्रिणीचा खुब्याचा सांधा बदलल्याचं कळलं. काकूंनी वहीच्या पानावर मराठीत निरोप लिहिला आणि इंग्रजी करून मागायला माझ्याकडे आल्या. मी भाषांतराचं काम करते. तरी त्या सहा वाक्यांनी माझी संध्याकाळ घेतली.

निरोप असा होता: ‘तुमच्या ऑपरेशनचं कळलं आणि काळजात धस्स झालं. दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. रोज देवापुढे दिवा लावताना तुमचंच नाव घेते. गजाननाला साकडं घातलंय. औषधपाण्याची हयगय करू नका, जिवाला जपा. देव करो आणि तुम्ही लवकर खडखडीत बऱ्या व्हा.’

मराठीत या निरोपात काहीही जास्तीचं नाही. आपल्याकडे माया मोजायचं मापच हे आहे, की तुझ्या दुखण्यानं मला किती दुखलं. ‘काळजात धस्स झालं’ ऐकणारा खरोखरचं काळीज डोळ्यांपुढे आणत नाही. वापरून वापरून त्या शब्दांची धार गेली आहे, ऊब तेवढी उरली आहे. तेच शब्द इंग्रजीत नेले की धार परत येते. आधी काकूंच्या भाच्यानं जमेल तसं इंग्रजी करून दिलं होतं. त्यात ‘जिवाला जपा’चं ‘प्रोटेक्ट युअर लाइफ’ झालं होतं. नुकतंच ऑपरेशन झालेल्या बाईला ते वाचून वाटलं असतं, की डॉक्टरांनी आपल्यापासून काहीतरी लपवलं आहे.

पहिलं वाक्यच सर्वांत अवघड. ‘काळजात धस्स’ला अगदी जवळचा इंग्रजी वाक्प्रचार आहे, ‘माय हार्ट सँक’. म्हणूनच तो मोह टाळायला हवा. त्यात पुढचं सगळं वाईटच दिसल्याची छटा आहे, आणि आजारी माणसाला ती नको असते. ‘शॉक्ड’ आणि ‘डीपली सॅडन्ड’ तर माणूस गेल्यावर लिहायचे शब्द. ‘माय थॉट्स अँड प्रेयर्स आर विथ यू अँड युअर फॅमिली’ हे वाक्यही मृत्यू किंवा मोठी दुर्घटना यांच्याशी इतकं जोडलं गेलंय, की खुब्याच्या ऑपरेशनला ते पेलत नाही. मी स्वतःला एक प्रश्न विचारते: हेच वाक्य सांत्वनाच्या पत्रात शोभेल का? शोभत असेल, तर ते इथे नको. इंग्रजीत या जागेसाठी साधं ‘आय वॉज सॉरी टु हिअर’ आहे. आपल्याला ‘सॉरी’ म्हणजे माफी वाटते, त्यामुळे ते थंड, कोरडं भासतं. इंग्रजी कानाला ते तसं नाही. तिथे त्याचा अर्थ ‘ऐकून वाईट वाटलं’ एवढाच, आणि तेवढाच पुरतो.

दोन रात्रींची झोप मी काढूनच टाकली. काकूंना ते पटेना. ‘अगं, खरंच झोपले नव्हते,’ त्या म्हणाल्या. मला शंका नव्हतीच. पण इंग्रजी वाचणाऱ्या आजारी बाईवर त्या वाक्याचं ओझं पडतं. आता आपणच हिची समजूत काढली पाहिजे, असं तिला वाटतं. म्हणजे आजारी कोण आणि धीर कोणी द्यायचा, हेच उलटं होतं. आपला निरोप लिहिणाऱ्याच्या काळजाबद्दल बोलतो. इंग्रजी निरोप वाचणाऱ्याच्या दिवसाबद्दल बोलला की जवळचा वाटतो. शब्दांपेक्षा हा कर्ता बदलणं महत्त्वाचं, आणि कोशात बघून ते जमत नाही.

देवाचं काय करायचं? पुष्कळजण तो भाग भीतीनं गाळतात. मी गाळला नाही. ‘साकडं’ला इंग्रजीत नवस म्हणून नेलं तर समजावत बसावं लागतं आणि प्रसंग विनाकारण गंभीर होतो. पण दिवा लावणं ही घडणारी गोष्ट आहे. तिच्यात अतिशयोक्ती नाही, आणि ती फक्त काकूच लिहू शकतात. ‘आय थिंक ऑफ यू एव्हरी इव्हनिंग व्हेन आय लाइट माय लॅम्प.’ निरोपात अशी एक खरी वस्तू राहिली की बाकीची विशेषणं आपोआप गळतात.

‘हयगय करू नका’ हे मराठीत लाडाचं रागावणं. इंग्रजीत निव्वळ हुकूम. आपल्या आज्ञार्थात जी माया असते, तिला तिकडे ‘प्लीज’ आणि ‘होप’ यांचा आधार लागतो. म्हणून ‘प्लीज गो ईझी ऑन द स्टेअर्स’. औषधांपेक्षा जिने आणले, कारण या ऑपरेशननंतर साधारण सहा आठवडे कुबड्या असतात, आणि जिना हीच त्या दिवसांतली खरी कटकट. ‘देव करो’तला ‘करो’ म्हणजे ‘आय होप’. ‘खडखडीत’चा नाद मात्र कशानंच येत नाही, तो सोडावा. त्याऐवजी ‘बॅक ऑन युअर फीट’ घेतलं. एरवी तो ‘बरं होणं’ यासाठीचा नेहमीचा वाक्प्रचार, आणि इथे तो शब्दशःही खरा ठरत होता.

हे सगळं बऱ्या होणाऱ्या दुखण्याचं झालं. आजार लांबचा असेल, कर्करोग असेल, तर ‘सून’ हा शब्दच टोचतो. एमिली मॅकडॉवेल या अमेरिकन चित्रकर्तीला चोविसाव्या वर्षी हॉजकिन्स लिंफोमा झाला होता. पुढे 2015 मध्ये तिनं गंभीर आजाऱ्यांना देण्यासाठी वेगळी भेटकार्डं काढली, कारण ‘गेट वेल सून’ तिथे लागू पडत नाही. ‘झुंज दे’, ‘यू आर अ फायटर’ हेही जपूनच. सुझन सॉन्टॅग यांनी 1978 च्या ‘इलनेस ॲज मेटाफर’मध्ये आजाराच्या युद्धभाषेवर बोट ठेवलं होतं. लढाई म्हटली की बरा न होणारा हरला, असं ठरतं. अशा वेळी बरं होण्याचा उल्लेखच न करता ‘आय ॲम थिंकिंग ऑफ यू’ लिहावं. ‘काही लागलं तर सांग’ हे मदत मागण्याचं काम आजाऱ्यावरच टाकतं. त्यापेक्षा ‘गुरुवारी मुलांना शाळेतून मी आणते’ असं नेमकं लिहावं, पण खरंच आणणार असाल तरच.

काकूंच्या निरोपाचं शेवटचं रूप असं झालं: ‘आय वॉज सॉरी टु हिअर अबाउट युअर ऑपरेशन, अँड सो ग्लॅड इट वेंट वेल. आय थिंक ऑफ यू एव्हरी इव्हनिंग व्हेन आय लाइट माय लॅम्प. प्लीज गो ईझी ऑन द स्टेअर्स. आय होप यू आर बॅक ऑन युअर फीट बाय स्प्रिंग. अवर बेंच मस्ट बी मिसिंग अस बोथ. नो नीड टु राइट बॅक.’ बाकाचं वाक्य काकूंचंच, बोलता बोलता त्या म्हणाल्या आणि मी उचललं. उत्तर लिहायला नको हे शेवटचं मी घातलं, कारण बिछान्यातल्या माणसाला उत्तरांचंही दडपण येतं. वर फक्त ‘डिअर’ आणि मैत्रिणीचं पहिलं नाव. ‘रिस्पेक्टेड’ नाही, उद्गारचिन्ह एकही नाही.

काकूंनी ते आपल्या अक्षरात कार्डावर उतरवलं. खाली उरलेल्या जागेत मराठीत लिहिलं, ‘जिवाला जपा’. ते मी तसंच राहू दिलं.