एकाच फोनवर येणारा कोड आणि घरातले बाकीचे

घरातले फोटो आणि बिले एकाच गूगल खात्यात असतात आणि लॉगिनचा कोड मात्र वडिलांच्या मोबाइलवर एसएमएसने येतो. वडील रेल्वेत रेंजबाहेर असले, की पासवर्ड ठाऊक असूनही मुलीचे काम अडते.

यावर उपाय म्हणजे ऑथेंटिकेटर ॲप. खात्याच्या सुरक्षा विभागात ते जोडताना पडद्यावर क्यूआर कोड दिसतो. त्यात एक गुप्त किल्ली असते. ती किल्ली आणि घड्याळाची वेळ यांवरून ॲप दर 30 सेकंदांनी सहा अंकी कोड तयार करते; त्याला रेंज किंवा इंटरनेट लागत नाही. म्हणून तो क्यूआर बंद करण्यापूर्वीच वडील आणि मुलगी दोघांनीही आपापल्या फोनवर स्कॅन करावा. दोन्हीकडे एकाच क्षणी तेच अंक दिसले, की जोडणी बरोबर झाली. स्कॅन करूनही अंक जुळत नसतील, तर फोनची वेळ ‘ऑटोमॅटिक’वर ठेवावी.

क्यूआरचा स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर पाठवू नये. तो ज्याच्या हाती पडेल त्याला सगळे पुढचे कोड मिळतात. एखादा फोन हरवल्यास ॲपची जोडणी नव्याने करून उरलेल्या फोनवर नवा क्यूआर स्कॅन करावा.

गूगल आठ अंकी दहा बॅकअप कोडही देते. प्रत्येक कोड एकदाच चालतो. ते कागदावर छापून कपाटात ठेवावेत आणि वापरलेल्यावर काट मारावी.

बँकेचा ओटीपी मात्र असा वाटून घेऊ नये. तिथे संयुक्त खात्यातल्या प्रत्येकाने स्वतःचे लॉगिन घ्यावे.