गोड बोला, पण भाव केव्हा सांगाल?

संक्रांतीच्या सकाळी मोबाइलवर शुभेच्छांची रीघ लागते. त्यात तिळगुळाच्या एखाद्या दुकानाचंही चित्र असतं. वर ‘तिळगुळ घ्या, गोड गोड बोला’, खाली वडीचा किलोचा भाव आणि ‘आजच ऑर्डर करा’. असं चित्र सहसा कोणी पुढे पाठवत नाही, कारण मावशीला शुभेच्छांसोबत भावपत्रक धाडायला कोणालाही संकोच वाटतो. शिवाय तोवर बहुतेक घरांत वड्यांचा डबा आलेला असतो. त्यामुळे शुभेच्छा तिथेच अडकतात आणि विक्रीची वेळही टळून गेलेली असते.

हंगामाचा क्रम ओळखून भावाला आणि शुभेच्छांना वेगवेगळे दिवस दिले, तर दोन्ही साधतात. समजा, येवल्यात तिळगुळ आणि पतंग दोन्ही विकणारं एक छोटं दुकान आहे आणि त्याचे निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर जातात.

पहिला निरोप नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यातच जायला हवा, तोही हलव्याच्या दागिन्यांचा. मंद आचेवर पाकाचे थेंब देत हलव्याला काटा आणायला वेळ लागतो आणि दागिने ओवायला आणखी. म्हणून मजकूर असा असावा: ‘बाळाची पहिली संक्रांत? मुकुट, हार, बाजूबंद आणि बासरी करून मिळेल. मापासाठी बाळाचं वय कळवा. हलवा हाताने होतो, म्हणून मागणी ८ तारखेपर्यंत.’ यात मुदत आहे, पण धाक नाही, कारण मुदतीमागचं खरं कारण सांगितलं आहे.

दहा तारखेच्या सुमारास वडीची पाळी. इथे ‘उत्तम चव, घरगुती दर्जा’ लिहून काही कळत नाही. गिऱ्हाइकाला हवी असते निवड करता येईल अशी माहिती. ‘साध्या गुळाची मऊ वडी: आजी-आजोबांनाही चावेल. चिक्कीच्या गुळाची वडी: कडक, कुरकुरीत. दोन्हींत शेंगदाण्याचा कूट आहे.’ भावही इथेच, स्पष्ट लिहावा. भाव लपवून ‘मेसेज करा’ म्हटलं, की निम्मे लोक विचारायचा कंटाळा करतात.

पतंगांचा निरोप भोगीच्या आधी गेला पाहिजे. येवल्यात भोगी, संक्रांत आणि कर असे तिन्ही दिवस पतंग उडतात, त्यामुळे चौदा तारखेला केलेली जाहिरात उशिराची ठरते. ‘पतंग, आसारी आणि सुती दोरा तयार आहे. लहान मुलांसाठी कन्नी बांधून देऊ. नायलॉन मांजा आम्ही ठेवत नाही.’ शेवटचं वाक्य गाळू नये. नायलॉन आणि इतर कृत्रिम धाग्यांच्या मांजावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी त्याची चौकशी करणारे येतातच. फोटोतही चकचकीत दोऱ्याची चक्री दिसली, तर लोक तोच मागतात.

मग संक्रांतीचा दिवस. त्या दिवशी फक्त शुभेच्छा. स्वतःच्या परातीतल्या वड्यांचा फोटो, दोन ओळी आणि खाली बारीक अक्षरात दुकानाचं नाव. भाव नाही, फोन नंबर नाही. असं चित्र लोक संकोच न करता नातेवाइकांना पाठवतात आणि दुकानाचं नावही त्याबरोबर चार घरी जातं.

पुष्कळ दुकानदार इथे थांबतात, तेव्हा हळदीकुंकवाचा हंगाम नुकता सुरू झालेला असतो. तो रथसप्तमीपर्यंत चालतो आणि दर वर्षी कमी-जास्त होतो. २०२४ मध्ये संक्रांत १५ जानेवारीला आणि रथसप्तमी १६ फेब्रुवारीला होती, म्हणजे महिनाभर. २०२६ मध्ये १४ जानेवारीनंतर २५ तारखेलाच रथसप्तमी आली, अवघ्या अकरा दिवसांत. म्हणून आधी पंचांग पाहावं. या दिवसांतला निरोप हिशेब सोपा करणारा हवा: ‘चाळीस जणींचं हळदीकुंकू? प्रत्येकीला दोन वड्या धरल्या तर एक किलो पुरेल. दोन-दोनच्या पुड्या बांधून देऊ.’ वडी साडेबारा ग्रॅमची असेल, तरच हा हिशेब बरोबर येतो. म्हणून आधी आपली वडी तोलून पाहावी. बोरन्हाणंही याच काळात होतात, तेव्हा दागिन्यांची आठवण पुन्हा एकदा करून देता येते.

यात एक अडचण आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीतला निरोप ज्यांनी दुकानाचा नंबर जतन केला आहे, त्यांनाच मिळतो. त्यामुळे दरवर्षीची खरी तयारी गल्ल्यावर होते. पुडीवर नंबर छापावा, ‘नंबर सेव्ह करा, पुढच्या वर्षी आठवण करू’ असं तोंडाने सांगावं आणि कोणी काय नेलं ते वहीत टिपावं. ज्यांनी फक्त पतंग नेले, त्यांना पुढच्या वर्षी बाळाच्या दागिन्यांचे निरोप पाठवू नयेत. कामाचे निरोप येत राहिले, तर लोक नंबर ब्लॉक करत नाहीत.