साक्षीदाराचं नाव झाकलं, तरी गाव ओळखतं

१ मार्च २००२ रोजी वडोदऱ्यातल्या बेस्ट बेकरीत १४ जणांना मारलं. पुढच्या वर्षी जलदगती न्यायालयात साक्षीदार एकामागून एक फितूर झाले आणि जून २००३ मध्ये सर्व २१ आरोपी सुटले. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००४ मध्ये निकाल रद्द केला आणि फेरखटला गुजरातबाहेर, महाराष्ट्रात चालवायला सांगितलं. मुंबईत २००६ साली नऊ जणांना जन्मठेप झाली. उच्च न्यायालयात त्यांतल्या चौघांची शिक्षा टिकली. मुख्य साक्षीदार मुंबईतही फिरली. खटला तगला तो बेकरीतल्या जखमी कामगारांच्या साक्षीवर.

म्हणजे खटला हलवल्याने धमकी संपत नाही, पण साक्षीदाराला मोकळेपणाने बोलायला जागा मिळते. दुसऱ्या राज्यात खटला नेण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाचा, राज्यातल्या राज्यात नेण्याचा उच्च न्यायालयाचा. त्यासाठी नुसती भीती सांगून भागत नाही, ती कशामुळे वाटते हे दाखवावं लागतं.

खटला जागेवरच राहिला, तर साक्षीदार संरक्षण योजना आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये ती देशभर लागू केली. जिल्हा न्यायाधीश, जिल्ह्याचे पोलीसप्रमुख आणि अभियोग विभागाचे प्रमुख यांची समिती अर्जावर निर्णय घेते. त्याआधी विभागाचे पोलीस उपअधीक्षक किंवा सहायक आयुक्त धोक्याचा अहवाल देतात. तो पाच कामकाजाच्या दिवसांत यायला हवा, आणि धोका तातडीचा असेल तर समिती अंतरिम संरक्षणही देऊ शकते. जिवाला धोका असेल तर ‘अ’ वर्ग.

समजा, खुनाचा प्रत्यक्षदर्शी एक दुकानदार आहे. त्याचं नाव कागदोपत्री बदलता येतं, घराभोवती गस्त ठेवता येते, सरकारी गाडीने कोर्टात आणता येतं. साक्ष बंद दालनात, पडद्याआडून किंवा चेहरा-आवाज बदलून व्हिडिओवरून होऊ शकते. पण आरोपी त्याच गल्लीतला असेल तर नाव झाकून काय होणार? त्या वेळी दुकान कुणाचं उघडं होतं, हे सगळ्या गल्लीला ठाऊक असतं. उलटतपासणीचा आरोपीचा हक्कही शाबूत राहतो, आणि नेमक्या प्रश्नांतूनच ओळख उघडी पडते. अशा साक्षीदाराला माझ्या मते मुखवट्यापेक्षा दोन गोष्टी जास्त उपयोगी: काही काळ दुसऱ्या गावी राहण्याची सोय, आणि तारीख न पडता सलग उरकलेली साक्ष. योजनेत दोन्हींची तरतूद आहे. तारखा वर्षानुवर्षं पडत राहिल्या, तर त्याला गाठायला आरोपीला तेवढाच वेळ मिळतो.

संरक्षण एका वेळी तीन महिन्यांपेक्षा जास्त मिळत नाही. त्यामुळे तुम्ही किंवा तुमच्या ओळखीचं कुणी साक्षीदार असेल, तर समन्स येण्याची वाट न पाहता धमकीचे फोन, संदेश, तारखा जपून अर्ज करा, आणि मुदत संपण्याआधी वाढीव संरक्षण मागा.