पुलावर बावन्न फूट, मग पाणी कोणाच्या घरात?

पावसाळ्यात कृष्णा चढू लागली की सांगलीत आयर्विन पुलाची पाणीपातळी तासातासाला विचारली जाते. 40 फुटांना इशारा, 45 फुटांना धोका. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्याही वर गेले होते. पण पुलावरचा आकडा घराबद्दल थेट काहीच सांगत नाही. त्यावरून ‘माझ्या घरात पाणी केव्हा येईल’ हे काढायचे, तर पाणी आणि उंबरा या दोन्हींची उंची एकाच मापाने मोजावी लागते.

फुटांची समुद्रसपाटीशी जोडणी

पुलावरची मोजपट्टी आपल्या शून्यापासून मोजते, नकाशा मात्र समुद्रसपाटीपासून. त्यामुळे पट्टीच्या शून्याची समुद्रसपाटीपासूनची उंची, म्हणजे तलांक, आधी हवा. हिशेबासाठी तो 525 मीटर धरू. खरा आकडा पाटबंधारे खात्याच्या नोंदीतून घ्यायचा. 52 फूट म्हणजे 15.85 मीटर. तेव्हा पुलाशी पाण्याचा तलांक 540.85 मीटर झाला.

घराची उंची कंटूरवरून

समान उंचीच्या जागा जोडणारी रेषा म्हणजे समोच्च रेषा, रोजच्या बोलण्यातला कंटूर. समजा, एक घर 540 आणि 541 मीटरच्या कंटूरमध्ये आहे. दोन रेषांत तिथे 50 मीटर अंतर आहे आणि घर 540 च्या रेषेपासून 30 मीटरवर. चढ सारखा धरला तर घराजवळची जमीन 540.60 मीटरवर येते. जोते 60 सेंटिमीटर उंच असेल, तर घरातली फरशी 541.20 मीटरवर. म्हणजे पुलावर 52 फूट असताना अंगणात पाव मीटर पाणी दिसेल, घर मात्र कोरडे राहील.

नदीचे पाणी सपाट नसते

या हिशेबात एक चूक दडलेली आहे. वाहत्या नदीच्या पृष्ठभागाला उतार असतो. आपले घर पुलाच्या वरच्या अंगाला, नदीच्या वाटेने दोन किलोमीटरवर आहे आणि पुरात उतार किलोमीटरला 15 सेंटिमीटर आहे, असे धरू. मग घराजवळचे पाणी पुलापेक्षा 30 सेंटिमीटर उंच, म्हणजे 541.15 मीटरवर असेल. उंबऱ्याला आता जेमतेम पाच सेंटिमीटर उरले! उलटा हिशेब केला तर या घराचा आकडा निघतो 52 फूट 2 इंच. उतार विसरलो असतो, तर तो 53 फूट 2 इंच आला असता. एका फुटाची ही चूक सामान हलवायला मिळणारा वेळ खाऊन टाकते.

संगणकावर सगळ्या गावाचा हिशेब

घरोघरी असे गणित करण्याऐवजी भूरचनेचे प्रारूप, म्हणजे डीईएम, वापरतात. त्यात जमिनीचे चौकोन पाडून प्रत्येकाला एक उंची दिलेली असते. क्यूजीआयएसच्या रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये एवढे लिहिले की पाण्याखालचे चौकोन वेगळे निघतात:

```
"dem@1" <= 540.85
```

मात्र ही ओळ फक्त उंची पाहते, पाणी कोणत्या वाटेने येईल ते पाहत नाही. बांधापलीकडचा खोलगटही ती बुडालेला दाखवते. म्हणून नदीशी सलग जोडलेले चौकोनच ठेवायचे. पण तसे करताना रस्त्याखालच्या मोऱ्या आणि नाले तपासलेच पाहिजेत, कारण पुराचे पाणी नाल्यातून उलटे शिरते आणि नदीकाठापासून दूरची वस्तीही गाठते. शिवाय नदीचा उतार धरायचा, तर सगळीकडे एकच आकडा न ठेवता वरच्या अंगाला पाण्याची पातळी वाढवत न्यावी लागते.

आकड्यांवर विश्वास किती?

फुकट मिळणाऱ्या उपग्रहीय प्रारूपांत एक चौकोन सुमारे 30 मीटरचा असतो, उंचीत काही मीटरची चूक असू शकते आणि छपरे व झाडेही जमिनीच्या उंचीत मिसळलेली असतात. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या 1:50,000 नकाशांवर कंटूर साधारणपणे 20 मीटरच्या अंतराने असतात, त्यामुळे सपाट नदीकाठचे अख्खे गाव दोन रेषांत मावते. कोणता भाग धोक्यात आहे याचा ढोबळ अंदाज यातून येईल, पण घराचा उंबरा कळणार नाही. मोबाइलच्या जीपीएसची उंचीही तशीच वापरू नये. ती समुद्रसपाटीऐवजी पृथ्वीच्या गणिती आकारापासून मोजलेली असेल, तर महाराष्ट्रात साठ मीटरहून अधिक फरक पडतो.

घराघराचा निर्णय करायचा, तर लायडार सर्वेक्षण किंवा लेव्हलिंग यंत्राने केलेली मोजणीच हवी. मग उत्तर पडताळायला जुन्या पुराच्या खुणा कामी येतात. 2019 च्या पाण्याची रेष भिंतीवर असेल, तर तिचा तलांक मोजून त्या पुराच्या हिशेबाशी ताडून पाहावा. वरच्या अंगाच्या खुणा सातत्याने हिशेबापेक्षा उंच निघाल्या, तर धरलेला उतार कमी आहे. एकच खूण वेगळी निघाली, तर तिथली जमिनीची उंची किंवा पाण्याची वाट तपासावी.

एवढे करूनही 30 सेंटिमीटरची शंका उरली, तर आपल्या घराचा आकडा ‘51 ते 53 फूट’ असा सांगावा आणि सामान 51 फुटांच्या आधीच हलवावे. नदीकाठच्या प्रत्येक नगरपालिकेने असा आकडा मोजून घराच्या दारावर लिहावा. पुलावरची पातळी ऐकताच प्रत्येक कुटुंबाला आपला निर्णय आपणच घेता येईल.