वाइनची यादी हातात आल्यावर

लंडनच्या रेस्टॉरंटमध्ये ग्राहकांना जेवायला नेलं, की वाइनची जाडजूड यादी यजमानाच्याच हातात येते. घरात कधी बाटली न पाहिलेला पुण्या-नाशिकचा इंजिनिअर तिथे गडबडतो आणि बहुधा दुसऱ्या क्रमांकाची स्वस्त वाइन मागवून मोकळा होतो. खरं तर यादी पाठ असावी, अशी कुणाचीच अपेक्षा नसते. त्यासाठी तिथे सोमेलिए असतो, म्हणजे वाइनचा जाणकार वाढपी. त्याला जेवण काय आहे आणि बजेट किती, एवढं कळलं तरी पुरतं.

पाहुण्यांसमोर आकडा उच्चारायचा नसेल, तर यादीतल्या ४५ पौंडांच्या किमतीवर बोट ठेवून ‘साधारण अशी काहीतरी सुचवा’ म्हणायचं. सोमेलिएला इशारा कळतो.

समजा, टेबलावर सहाजण आहेत. दोघांनी सी-बास मासा मागवलाय, तिघांनी मेंढीचं मटण, एकाने मशरूम रिसोतो. अशा वेळी काबर्ने सॉव्हिन्याँसारखी दणकट रेड वाइन माशाची चव झाकून टाकते. फार उकळलेल्या चहाने जीभ जशी कोरडी पडते, तसं तिच्यातल्या टॅनिनने होतं. पिनो न्वारमध्ये टॅनिन कमी असतं, त्यामुळे ती तिन्ही पदार्थांबरोबर निभावून नेते. ७५० मिलीच्या बाटलीत साधारण पाच ग्लास होतात. सहाजण पिणारे असतील, तर दोन बाटल्या धराव्यात. जेवण झणझणीत भारतीय असेल, तर मात्र किंचित गोडसर रीसलिंग बरी, कारण टॅनिन आणि जास्त अल्कोहोल तिखटाची आग वाढवतात.

मग येतो तो घोटभर वाइन ओतण्याचा प्रसंग. अनेकांना ती आपलीच परीक्षा वाटते. वास्तविक तपासायची असते बाटली. आधी लेबल बघायचं, मागवलेलीच वाइन आणि तेच साल आहे ना. मग ग्लास हलवून वास घ्यायचा. भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास आला आणि फळाचा गंध मेला असेल, तर बुचातल्या दोषाने वाइन बिघडली आहे. ‘ही कॉर्क्ड वाटते, जरा बघता का?’ एवढं म्हटलं, की चांगल्या ठिकाणी बाटली बदलून मिळते. वाइन निर्दोष आहे पण आवडली नाही, हे मात्र परत पाठवण्याचं कारण होत नाही. बुचाचा वास घेण्याचं नाटक तर अगदीच अनावश्यक.

कडक शाकाहारी पाहुणा असेल, तर आणखी एक चौकशी करावी. काही वाइन नितळ करताना अंड्याचा पांढरा बलक किंवा माशापासून काढलेला पदार्थ वापरतात. सोमेलिएला ‘व्हीगन वाइन कुठली?’ असं विचारता येतं.

यजमान स्वतः पीत नसेल, तरी बाटली त्यानेच मागवायला हरकत नाही. चाखण्याची वेळ आली, की शेजारच्या पाहुण्याकडे हात करून ‘यांना दाखवा’ म्हणायचं आणि स्वतःसाठी सोडा-लिंबू सांगायचं.